क्रियापदाच्या टोकाला बसलेला आदर

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून ओसाकातल्या ग्राहकाला एक मेल गेला आहे, असं समजू. लिहिणाऱ्याचं जपानी कच्चं नाही. परीक्षा झाल्यात, कांजी लिपी वाचता येते, काळ आणि प्रत्यय कुठे चुकत नाहीत. मेल उदाहरणासाठी रचलेला आहे आणि नावं जपानी पाठ्यपुस्तकांत नेहमी भेटतात तीच घेतली आहेत. ग्राहकाचं नाव तानाका, लिहिणाऱ्याच्या विभागप्रमुखाचं नाव यामादा.

तानाका-सामा,
इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास.
किनो ओकुत्ते कुरेता शिर्यो ओ मिमाशिता. तोतेमो वाकारियासुकात्ता.
यामादा-बुचो मो मोन्दाइ नाइ तो ओश्शात्ते इमाशिता.
शूसेइबान वा किन्योबी नि ओकुरु कारा, हाइकेन शिते कुदासाइ.
योरोशिकु ओनेगाइ इताशिमास.

अर्थ सरळ आहे. आपलं सहकार्य नेहमीच लाभतं. काल पाठवलेली कागदपत्रं पाहिली, समजायला फार सोपी होती. यामादा साहेबही काही अडचण नाही असं म्हणाले. सुधारित प्रत शुक्रवारी पाठवतो, ती पाहावी. कळावे, लोभ असावा.

तानाकांना हे सगळं कळेल. तरीही वाचताना ते चार-पाच ठिकाणी अडखळतील. मराठीत हाच अनुभव द्यायचा तर ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ अशी सुरुवात करून मध्येच ‘बघितलं, मस्त होतं’ म्हणायचं, पुढे ‘शुक्रवारी देतो, तेव्हा आपण वाचण्याची परवानगी घ्या’ असं लिहायचं आणि शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’ अशी सही करायची. प्रत्येक वाक्य मराठीच आहे, पण हे सगळं एकाच माणसाने एकाच माणसाला लिहिलंय यावर विश्वास बसत नाही.

जपानी आदरव्यवस्थेला केइगो म्हणतात. आपल्याकडे तिच्याबद्दल एक समज रूढ आहे, की ही सभ्यतेची एक लांबलचक शिडी आहे आणि जितकं वर चढावं तितकं चांगलं. मेल बिघडतात ते बहुतेक याच समजामुळे. प्रत्यक्षात एका जपानी वाक्यात आदर दोन वेगळ्या जागी बसतो आणि त्या दोन जागांची कामं वेगळी आहेत.

पहिली जागा वाक्याच्या अगदी शेवटी. तिथे ‘देस’ किंवा ‘मास’ आलं, की मी हे तुमच्याशी, म्हणजे समोर बसून वाचणाऱ्याशी, अंतर राखून बोलतो आहे असं ठरतं. तिथे नुसतं मूळ रूप आलं, म्हणजे ‘ओकुरिमास’ऐवजी ‘ओकुरु’ किंवा ‘वाकारियासुकात्ता देस’ऐवजी नुसतं ‘वाकारियासुकात्ता’, तर ते घरातलं, मित्रातलं किंवा स्वतःशी पुटपुटलेलं वाक्य होतं. वाक्यात कोणाबद्दल बोललं जातंय याच्याशी या टोकाचा संबंध नाही. पाऊस पडतोय हे मित्राला सांगताना ‘आमे गा फुत्ते इरु’ आणि ग्राहकाला सांगताना ‘आमे गा फुत्ते इमास’. पावसाला मान द्यायचा नसतो, ऐकणाऱ्याला द्यायचा असतो.

दुसरी जागा क्रियापदाच्या पोटात. इथे पाहायचं, की ही क्रिया करणारा कोण. करणारा आदरणीय असेल तर त्याची क्रिया उंचावणारं क्रियापद येतं, ते सोनकेइगो. करणारा मी किंवा माझ्या बाजूचा असेल तर क्रिया नम्र करणारं क्रियापद येतं, ते केन्जोगो. ‘पाहणं’ या एका क्रियेसाठी साधं ‘मिरु’, समोरच्याच्या पाहण्यासाठी ‘गोरान नि नारु’ आणि माझ्या पाहण्यासाठी ‘हाइकेन सुरु’. ‘म्हणणं’ साधं असेल तर ‘इउ’, तुमचं म्हणणं ‘ओश्शारु’, माझं म्हणणं ‘मोउसु’. जपानच्या सांस्कृतिक परिषदेने 2 फेब्रुवारी 2007 रोजी ‘केइगो नो शिशिन’ नावाचा मार्गदर्शक अहवाल दिला. त्यात पूर्वीच्या तीन प्रकारांचे पाच प्रकार केले आहेत, कारण नम्र क्रियापदांतही दोन जाती दिसतात आणि ‘साके’ला ‘ओसाके’ म्हणण्यासारखी निव्वळ गोड भाषा वेगळी काढावी लागते. मेलमधला घोटाळा समजायला एवढ्या बारकाईची गरज नाही. टोक आणि पोट हा भेद हाताशी असला की पुरे.

मराठीभाषकाला इथे एक अडचण येते आणि ती खरी आहे. आपला आदर सर्वनामापासून सुरू होतो. एकदा ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरलं, की क्रियापद त्याच्या मागे आपोआप जातं. ‘तुम्ही ये’ असं तोंडातून निघतच नाही. जपानी वाक्यात ‘मी’ आणि ‘तुम्ही’ बहुतेक वेळा नसतातच आणि क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. ‘मिमाशिता’ म्हणजे मी पाहिलं, तू पाहिलंस, त्यांनी पाहिलं, काहीही. म्हणून कर्ता कोण हे सांगण्याचं बरंचसं काम केइगो करतो. ‘हाइकेन शिमाशिता’ म्हटलं की पाहणारा मी. ‘गोरान नि नारिमाशिता’ म्हटलं की पाहणारे तुम्ही. मेलमधला आदर चुकतो तेव्हा शिष्टाचार तर बिघडतोच, पण कधी कधी काम कोणी करायचं हेही धूसर होतं.

याचं सर्वात वाईट रूप एका छोट्या जोडीत सापडतं. ‘ओ-ओकुरी शिमास’ म्हणजे मी पाठवतो. ‘ओ-ओकुरी नि नारिमास’ म्हणजे तुम्ही पाठवता. सुरुवातीचा ‘ओ’ दोन्हीकडे आहे आणि कानाला दोन्ही सारखेच सभ्य वाटतात, म्हणून शिकणारा यातलं लांब वाटतं ते उचलतो. ‘कागदपत्रं उद्या पाठवू का’ असं विचारायचं असताना ‘आशिता ओ-ओकुरी नि नारिमास का’ लिहिलं गेलं, तर प्रश्न ‘आपण उद्या पाठवणार का’ असा होतो. ग्राहक गोंधळतो, कारण कागदपत्रं तर तुमच्याकडून यायची होती. तो नम्रपणे खुलासा विचारतो आणि त्यात एक दिवस जातो. कधी तो खुलासा विचारतच नाही आणि मग दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात.

आता मेलकडे परत जाऊ. पहिली ओळ ठाशीव आहे. जपानी व्यवसायातला जवळजवळ प्रत्येक बाहेरचा मेल याच वाक्याने सुरू होतो आणि ‘ओरिमास’ हे त्यातलं नम्र रूप कोणीही पाठ केलेलं असतं. शेवटची ओळही तशीच. म्हणजे डोकं आणि पाय उंच पातळीवर आहेत आणि मधलं धड लिहिणाऱ्याने स्वतःच्या जपानीत लिहिलंय. मिसळ झालेल्या मेलांची ही सर्वांत सोपी ओळख. साच्यातली वाक्यं जिथे संपतात आणि खरं काम सांगायला सुरुवात होते, नेमक्या त्या ओळीवर पातळी घसरते.

‘किनो ओकुत्ते कुरेता शिर्यो’ म्हणजे काल पाठवलेली कागदपत्रं. इथे बरेच जण चुकीच्या जागी बोट ठेवतात. त्यांना वाटतं, ‘कुरेता’ हे मूळ रूपात संपलंय, म्हणून ते ‘कुरेमाशिता’ करायला हवं. तसं नाही. नामाच्या आधी येणारं, त्याचं वर्णन करणारं उपवाक्य मूळ रूपातच संपतं. हा जपानी वाक्यरचनेचा सर्वसाधारण नियम आहे आणि अत्यंत औपचारिक पत्रातही तो पाळला जातो. खोट आहे ती क्रियापदाच्या निवडीत. ‘कुरेरु’ हे बरोबरीच्या माणसाने माझ्यासाठी काही केलं असं सांगणारं क्रियापद आहे. ग्राहकासाठी ‘ओ-ओकुरी इताादाइता शिर्यो’ असं व्हायला हवं. ‘इतादाइता’सुद्धा मूळ रूपातच संपतं आणि तरीही त्यात पुरेसा आदर आहे, कारण तो पोटात आहे. ‘ओ-ओकुरी इतादाकिमाशिता शिर्यो’ असं जास्तीचं ‘मास’ घालून लिहिलेलं वाक्य अधिक सभ्य होत नाही, ओबडधोबड होतं.

टोक आणि पोट वेगळे का ठेवायचे, याचं उत्तर या एका ओळीत मिळतं. मेलमध्ये मूळ रूपं दिसणं हाच दोष मानला, तर निम्मं शुद्ध जपानी दोषी ठरेल. ‘असं वाटतं’ म्हणताना ‘तो ओमोइमास’च्या आधी मूळ रूपच येतं. ‘की नाही’ अशा अप्रत्यक्ष प्रश्नातही तेच. तारीख, वेळ, जागा असे मुद्दे मेलमध्ये वेगळ्या ओळींवर लिहिले तर त्या ओळी नुसत्या नामावर थांबतात आणि कोणालाही ते खटकत नाही. मिसळ खटकते ती पूर्ण वाक्य संपतं तिथे, आणि काही विशिष्ट जोडांवर.

त्यातला पहिला प्रकार म्हणजे ‘तोतेमो वाकारियासुकात्ता’. वाक्य संपलं आणि ‘देस’ आलंच नाही. बोलण्यात असं होतं आणि त्याला अर्थही असतो. दोन जपानी सहकारी ‘देस-मास’मध्ये बोलत असताना मध्येच एखादा ‘आ, सो का’ म्हणतो, म्हणजे ‘अच्छा, असं होय’. ते वाक्य समोरच्यासाठी नसतं, स्वतःच्या मनाला उद्देशून असतं आणि आवाजाच्या चढउतारावरून ते लगेच कळतं. कधी जवळीक दाखवायला मुद्दाम एखादं वाक्य खाली उतरवलं जातं. मेलमध्ये आवाज नसतो. म्हणून वाचणारा त्या उघड्या टोकाचं कारण शोधू लागतो. हा अचानक सलगी करतोय का? का डायरीत लिहिल्यासारखं लिहून गेलाय? का घाईत दुसरीकडून चिकटवलंय? मजकुरात उत्तर नसतं, म्हणून शंका लिहिणाऱ्याच्या काळजीपूर्वकपणावर जाते.

याच वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. नुसतं ‘देस’ लावून ‘वाकारियासुकात्ता देस’ केलं तर टोक सावरतं. विशेषणाला थेट ‘देस’ जोडण्याची ही पद्धत पूर्वी अनेकांना खडबडीत वाटायची. 1952 मध्ये जपानच्या भाषाविषयक परिषदेने ‘कोरे कारा नो केइगो’ या शिफारशीत तिला मान्यता दिली आणि आज ती सर्रास वापरात आहे. पण ‘समजायला सोपं होतं’ हा ग्राहकाच्या कामाला दिलेला शेरा आहे आणि कनिष्ठ बाजूने असं मूल्यमापन करणं जपानी शिष्टाचारात बसत नाही. म्हणून अनुभवी माणूस ‘ताइहेन सांको नि नारिमाशिता’ म्हणतो, म्हणजे आम्हाला त्याचा फार उपयोग झाला. पातळी फक्त प्रत्ययांनी साधत नाही, काय बोलायचं हेही तिच्याबरोबर बदलतं.

‘ओकुरु कारा’ हा जोडाचा नमुना. वाक्य पुढे ‘कुदासाइ’वर सभ्यपणे संपतंय, पण मध्ये ‘म्हणून’ या अर्थाच्या ‘कारा’आधी मूळ रूप आलंय. उपवाक्य मूळ रूपात चालतं असं आत्ताच म्हटलं, मग इथे का नाही? कारण सगळी उपवाक्यं मुख्य वाक्यात सारखी विरघळत नाहीत. नामाचं वर्णन करणारं उपवाक्य पूर्ण विरघळतं. ‘कारा’ किंवा ‘पण’ या अर्थाचं ‘गा’ यांच्या आधीचा तुकडा मात्र जवळजवळ स्वतंत्र वाक्य असतो. तिथे वाचणाऱ्याला टोक जाणवतं, म्हणून त्यालाही ‘मास’ लागतं. ‘ओकुत्ता गा, तोदोकिमाशिता का’, म्हणजे ‘पाठवलं होतं, मिळालं का’, यात पहिला अर्धा भाग मित्राला आणि दुसरा ग्राहकाला उद्देशून असल्यासारखा वाटतो. ‘नोदे’ हे दुसरं कारणदर्शक अव्यय याबाबत सोशीक आहे. त्याच्या आधी मूळ रूपही चालतं, पण व्यवसायाच्या मेलमध्ये ‘मास’ बरं दिसतं. शिवाय ‘कारा’ कारण ठासून सांगतो, ‘नोदे’ परिस्थिती मांडतो. ग्राहकासमोर दुसरंच योग्य.

पुढे ‘हाइकेन शिते कुदासाइ’. हा उलट्या दिशेचा आदर आहे आणि मिसळीतला सर्वांत क्लेशदायक प्रकार. लिहिणाऱ्याने खास शब्द वापरलाय, कष्ट घेतलेत, पण ‘हाइकेन’ म्हणजे खालून वर पाहणं. ते मी करायचं असतं, ग्राहकाने नाही. गंमत अशी, की दोन ओळी आधी जिथे स्वतःच्या पाहण्याबद्दल लिहिलं तिथे त्याने साधं ‘मिमाशिता’ वापरलं. शब्द त्याच्याकडे होता, पण तो चुकीच्या माणसाला दिला. ‘गोरान कुदासाइ’ किंवा ‘गो-काकुनिन कुदासाइ’ म्हटलं की काम झालं. कधी कधी माणूस इथे घाबरून साधं ‘मिते कुदासाइ’ लिहितो. ते कोरडं वाटतं, पण ग्राहकाला नमवण्यापेक्षा बरं.

आता ज्या ओळीवर मराठी मन सर्वांत जास्त अडतं तिच्याकडे येऊ. ‘यामादा-बुचो मो ओश्शात्ते इमाशिता’, म्हणजे यामादा साहेबही म्हणाले. टोक बिनचूक आहे. पोटातलं ‘ओश्शारु’ हे क्रियापद साहेबांसाठी अगदी योग्य, कार्यालयात रोज वापरलं जाणारं. तरीही ग्राहकाला लिहिताना ते चूक आहे. जपानी केइगो माणसाच्या दर्जावर कायमचा चिकटलेला नसतो. कोण कोणाशी बोलतंय यावर ‘उची’ आणि ‘सोतो’ म्हणजे आतले आणि बाहेरचे यांची रेषा पुन्हा आखली जाते. ग्राहकासमोर उभं राहिलं की माझी सगळी कंपनी आत येते. तीत शिपाई, मी आणि अध्यक्ष एकाच बाजूला असतात, आणि आतल्या माणसाला बाहेरच्यासमोर उंचावणं म्हणजे स्वतःलाच उंचावणं. म्हणून यामादांची क्रिया नम्र होते, ‘मोउशिते ओरिमास’. त्यांच्या नावामागचं पदही जातं. जपानीत नावानंतर आलेलं पद हे आदरवाचक असतं, म्हणून ‘यामादा-बुचो’ऐवजी ‘बुचो नो यामादा’ म्हणायचं, म्हणजे विभागप्रमुख पदावरचे यामादा. ‘सान’ वगैरे काही नाही.

जपानी भाषाशास्त्रात याला सोताइ केइगो, म्हणजे सापेक्ष आदर म्हणतात. त्याच्या उलट झेत्ताइ केइगो, म्हणजे निरपेक्ष आदर. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणून कोरियन भाषा दिली जाते. तिथे वरिष्ठाचा आदर बाहेरच्यासमोरही टिकतो. मराठीही याबाबत कोरियनच्याच बाजूची. ‘बाबा बाहेर गेलेत’ असं आपण पोस्टमनलाही सांगतो आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सर्वांत मोठ्या ग्राहकालाही. दुसऱ्यासमोर आपल्या वडिलांना एकवचनात बोलणं हा आपल्याकडे उद्धटपणा आहे. म्हणून हा नियम माहीत असूनही हात अडतो, आणि यामादांनाही मेलची प्रत जाणार असेल तर फारच अडतो. साहेब वाचणार आणि मी त्यांना ‘यामादा’ म्हणणार! पण जपानी यामादा हे वाचून समाधान पावतात. मेल कोणाला उद्देशून आहे त्यावर पातळी ठरते, प्रत कोणाला गेली त्यावर नाही. साहेबांना मान दिलेली प्रत ग्राहकाकडे गेली, तर अवघडल्यासारखं होईल ते साहेबांनाच.

ही मिसळ मुळात होते का, याचं एक कारण शिकण्याच्या क्रमात आहे. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक पहिल्या धड्यापासून ‘देस-मास’ शिकवतं. मूळ रूपांतलं संभाषण विसाव्या धड्यात येतं आणि सोनकेइगो, केन्जोगो पन्नास धड्यांच्या मालिकेत एकोणपन्नासाव्या आणि पन्नासाव्या धड्यात. म्हणजे तीन पातळ्या तीन वेगळ्या कप्प्यांत शिकल्या जातात आणि त्या एकाच मजकुरात एकत्र कशा नांदतात हे कोणी बसून दाखवत नाही. त्यात जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत निबंध नाही, पत्र नाही, बोलणं नाही, सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. वरच्या पातळीचं प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसाने एकही पूर्ण मेल स्वतः लिहिलेला नसू शकतो. त्यातच बोलण्याचं जपानी त्याने मालिका आणि अॅनिमे पाहून उचललेलं असतं, आणि तिथे बहुतेक पात्रं मूळ रूपांत बोलतात.

जपानी माणसं जन्मतः हे सगळं घेऊन येतात असंही नाही. तिथे एप्रिलमध्ये नोकरीला लागणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात मेल लिहायला शिकवतात, आणि ‘ग्राहकाला र्योकाइ म्हणू नका, शोची शिमाशिता म्हणा’ यासारख्या सूचना त्यांनाही मिळतात. त्यांची मिसळ मात्र वेगळ्या तऱ्हेची असते. वाक्याचं टोक त्यांच्या हातून सहसा सुटत नाही, कारण ते लहानपणापासून कानात बसलेलं असतं. चुकतं ते पोट. नम्र आणि आदरार्थी क्रियापदांची अदलाबदल होते, किंवा ‘ओश्शारु’वर आणखी एक आदराचा प्रत्यय चढवून ‘ओश्शारारेरु’ केलं जातं. परदेशी लिहिणाऱ्याचं टोक सुटतं. एखाद्या मेलमध्ये पोटातला आदर चढवलेला आणि टोक उघडं दिसलं, तर तो बहुधा बाहेरून जपानी शिकलेल्या माणसाचा असतो.

एकदा चूक दाखवली गेली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि हेही मिसळीचंच भावंड आहे. प्रत्येक क्रियापदाला ‘सासेते इतादाकिमास’ लावलं जातं, म्हणजे ‘आपल्या परवानगीने मी हे करतो’. 2007च्या अहवालात याबद्दल नेमकं सांगितलंय. समोरच्याची परवानगी घेऊन ती गोष्ट केली जात असेल आणि त्यातून आपल्याला काही लाभ किंवा कृपा मिळत असेल, तर हा प्रयोग शोभतो. सुधारित प्रत पाठवणं हे तुमचं कामच आहे. त्यासाठी परवानगी कसली? तिथे ‘ओ-ओकुरी शिमास’ पुरेसं. असे फुगवलेले दोन-तीन प्रयोग आले की मधलं एखादं साधं वाक्य आणखीच उघडं पडतं आणि जी दरी भरायची होती ती रुंदावते.

म्हणून दुरुस्तीला बसताना वरून शब्द चढवत जाऊ नये. आधी फक्त वाक्यांची टोकं वाचावीत, मधलं काही नाही. पूर्णविरामाच्या आधी ‘देस’, ‘मास’ किंवा त्यांचं भूतकाळी रूप आहे ना, एवढंच. मग ‘गा’ आणि ‘कारा’ यांच्या आधी डोकवावं. त्यानंतर प्रत्येक क्रियापदाला ‘हे कोण करतंय’ असं विचारावं आणि करणारा आपल्या बाजूचा की त्यांच्या बाजूचा ते ठरवावं. शेवटी आपल्या माणसांची नावं शोधून त्यांच्या मागचं पद काढावं. या क्रमाने गेलं तर वरचा मेल असा होतो.

तानाका-सामा,
इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास.
साकुजित्सु ओ-ओकुरी इतादाइता शिर्यो ओ हाइकेन शिमाशिता. ताइहेन सांको नि नारिमाशिता.
बुचो नो यामादा मो, मोन्दाइ वा नाइ तो मोउशिते ओरिमास.
शूसेइबान वा किन्योबी नि ओ-ओकुरी शिमास नोदे, गोरान कुदासाइ.
योरोशिकु ओनेगाइ इताशिमास.

‘किनो’चं ‘साकुजित्सु’ झालंय, दोन्हींचा अर्थ कालच, पण दुसरा शब्द लेखी भाषेतला. ‘मोन्दाइ वा नाइ’ तसंच मूळ रूपात राहिलंय आणि ते बरोबर आहे, कारण ते यामादांच्या म्हणण्याचं सार आहे आणि ‘तो’च्या आत विरघळलंय. शब्दसंख्या जवळपास तेवढीच. एकही वाक्य पहिल्यापेक्षा फार लांब नाही. समजा लिहिणाऱ्याला ‘इतादाकु’ची खात्री नसती आणि त्याने सगळीकडे साधं ‘देस-मास’ ठेवलं असतं, ‘मिमाशिता’, ‘ओकुरिमास’, ‘मिते कुदासाइ’, तर मेल थोडा शाळकरी वाटला असता, पण सरळ वाटला असता. परदेशी सहकाऱ्याकडून आलेलं असं सपाट जपानी ग्राहक सहज स्वीकारतो. वरखाली हलणारं जपानी मात्र त्याला दर वाक्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

उत्तरात तानाका कदाचित ‘र्योकाइ देस’ एवढंच लिहितील. त्यांना ती मुभा आहे, ग्राहकाच्या बाजूने पातळी खाली आणता येते. त्यावरून आपणही उतरायचं नसतं. चार-सहा महिन्यांनी काम मुरलं की तेच एखाद्या वाक्याला जवळीक दाखवणारा ‘ने’ जोडू लागतात. तेव्हा आपल्या मेलमध्येही क्वचित एखादा ‘ने’ येऊ शकतो, ‘मास’ मात्र जागचं हलत नाही.

आणि त्याच संध्याकाळी यामादांना अहवाल पाठवायचा असेल, तर ग्राहकाला गेलेली वाक्यं उचलून चिकटवता येत नाहीत. कंपनीच्या आतल्या मेलची सुरुवातच वेगळी, ‘ओत्सुकारेसामा देस’. तिथे रेषा बदलते आणि यामादा पुन्हा आदरणीय होतात. त्यांचं म्हणणं पुन्हा ‘ओश्शारु’ने सांगायचं, त्यांच्या नावामागे ‘बुचो’ परत लावायचं आणि ग्राहकाचं म्हणणंही ‘ओश्शारु’नेच कळवायचं. सकाळी तानाकांना लिहिताना जी ओळ खोडावी लागली, ‘यामादा-बुचो मो ओश्शात्ते इमाशिता’, ती आता शेजारच्या सहकाऱ्याला कळवताना जशीच्या तशी वापरता येते.